शंभरचा प्लॅन घेऊनही टीव्हीवर चक्र फिरतं, नक्की किती स्पीड लागतो?

मंदा_फोंडा (रविवार, रात्री 10.40)
नमस्कार मंडळी. आमचं घर फोंड्याजवळ, जुनं चिऱ्याचं, पुढे वसरी मग राजांगण आणि पाठीमागे खोल्या. टीव्ही पाठच्या खोलीत आहे कारण सासऱ्यांची खाट तिथे आहे, राउटर वसरीत. फायबर आहे, 100 एमबीपीएसचा प्लॅन. दुपारी सगळं नीट चालतं, पण रात्री नऊ वाजून गेले आणि मॅच लावली की दर दोन-तीन मिनिटांनी चित्र थांबतं आणि मधे ते गोल चक्र. आज शेवटच्या ओव्हरला थांबलं आणि शेजारच्या घरातून ओरडा ऐकून कळलं की विकेट गेली. सासरे 82 वर्षांचे, दिवसभरात त्यांना तेवढाच एक आनंद असतो, मला फार वाईट वाटतं.
तक्रार केल्यावर एक मुलगा आला, वसरीत उभं राहून त्याने स्वतःच्या मोबाईलवर स्पीड बघितला, 97 दाखवला, आणि म्हणाला बाय, लाईन एकदम क्लियर आहे, तुम्ही 300 चा प्लॅन घ्या. घ्यायची तयारी आहे पण आधी कळू दे, एका टीव्हीला खरंच किती लागतं?

पिंटू_वास्को (10.52)
मंदाताई टीव्ही फोर-के असेल तर एकट्या टीव्हीला 25 लागतात, घरात चार मोबाईल धरले तर 100 संपलेच. 300 घ्या आणि टीव्ही वायफायच्या 5G वाल्या नावाला जोडा, विषय संपला. मी तेच केलं, कधी अडकत नाही.

काणकोणचो_आजो (11.05)
आमच्याकडे पण तोच त्रास. जरा काळे ढग आले की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग सिग्नल नाही असं येतं. छत्री दोनदा फिरवून घेतली, तरी जून-जुलै असाच जातो.

चिरेबंदी (11.20)
आजोबा, तुमचं दुखणं वेगळं. छत्रीवर येणारं चित्र थेट उपग्रहावरून येतं, त्यात इंटरनेट नाहीच. जोराचा पाऊस त्या लहरी शोषून घेतो म्हणून चौकोन दिसतात. पाऊस थोडासा असतानाही जात असेल तर छत्रीची दिशा किंवा वायरचा गंजलेला जोड बघून घ्या, पण मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं जाणारच. चक्र फिरणं हे फक्त नेटवरून येणाऱ्या चित्राचं.
मंदाताई, मी म्हापशाला घरं आणि हॉटेलांत नेटवर्कची कामं करतो. प्लॅन आत्ता बदलू नका. आधी आकडे बघा. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की 720p ला 3, 1080p ला 5 आणि फोर-के ला 15 एमबीपीएस पुरे. यूट्यूबचं सांगणं जवळपास तसंच, 480p ला 1.1, 720p ला 2.5, 1080p ला 5, फोर-के ला मात्र 20. पिंटूभाऊ म्हणतात ते 25 नेटफ्लिक्सचंच जुनं सांगणं आहे, आता त्यांनीच कमी केलंय.
म्हणजे तुमच्या 97 मधले 5 जरी टीव्हीपर्यंत सतत पोचले तरी मॅच 1080p मधे स्वच्छ दिसायला हवी. त्या मुलाने वसरीत मोजलं, मॅच बघतात पाठच्या खोलीत. मधे किती भिंती आहेत?

मंदा_फोंडा (11.31)
वसरीची एक, राजांगण ओलांडून पाठच्या खोलीची एक, आणि मधे स्वयंपाकघराचा कोपरा पण येतो. भिंती चांगल्या दीड फुटी आहेत, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर.

पिंटू_वास्को (11.36)
तरी सांगतो, 5G ला जोडा. 2.4 वर आता कोणी टीव्ही चालवत नाही.

चिरेबंदी (11.50)
पिंटूभाऊ, तुमचा राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असणार.

पिंटू_वास्को (11.52)
हो, फ्लॅट आहे, राउटर टीव्हीच्या डोक्यावरच.

चिरेबंदी (सोमवार, सकाळी 7.15)
मग तुमच्याकडे ते बरोबरच आहे, समोरासमोर असेल तर 5 ला तोड नाही. पण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर मरतात, आणि दीड फुटाचा चिरा, तोही पावसाळ्यात ओल धरलेला, म्हणजे दोन भिंतींच्या पलीकडे जवळपास काहीच पोचत नाही. 2.4 पोचतं, पण ते हळू आणि गर्दीचं, शेजारचे राउटर, ब्लूटूथ, सगळे तिथेच बोलतात.
ताई एक काम करा. मोबाईलवर नको, टीव्हीवरच मोजा, टीव्हीत ब्राउझर असेल तर fast.com उघडा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री साडेनऊला, प्रत्येक वेळी तीनदा. त्याच वेळी वसरीत राउटरजवळ मोबाईलवर पण मोजा. वसरीत भरपूर आणि टीव्हीवर कमी आलं तर दोष घरातला, दोन्हीकडे कमी आलं तर दोष बाहेरच्या लाईनचा. 300 घेऊन काय होणार ते त्यावरूनच कळेल.

सत्तरीकर (8.40)
मधे घुसतो, माफ करा. आमच्या गावात अजून फायबर आलेली नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवतो, रोजचे 2 जीबी मिळतात. मॅच अर्धी झाली की डेटा संपतो आणि मग काहीच चालत नाही. हे पण बफरिंगच का?

चिरेबंदी (9.10)
दिसायला तेच पण कारण वेगळं. हिशोब करू या. 5 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 5 मेगाबिट, आणि 8 बिटचा एक बाईट, तर सेकंदाला सुमारे 0.6 मेगाबाईट. तासाचे 3600 सेकंद, म्हणजे सव्वादोन जीबीच्या आसपास. तुमचे 2 जीबी 1080p मधे तासाभरात संपणारच, मग कंपनी स्पीड इतका खाली आणते की चक्रच दिसतं. तेच 480p ला 1.1 धरलं तर तासाला अर्धा जीबी, तीन तासांची मॅच दीड जीबीत बसते. ॲपच्या सेटिंगमधे क्वालिटी ऑटोवर न ठेवता 480p ला बांधून ठेवा.

सत्तरीकर (9.22)
480p ला बॉल दिसेल का पण?

उसगावची_शैला (9.30)
32 इंची टीव्हीवर खाटेवरून बघताना चालतं हो, आम्ही चवथीला गावच्या घरी तसंच बघतो. 55 इंचीवर मात्र माणसांचे चेहरे पण नीट कळत नाहीत. माझा प्रश्न वेगळा आहे, चवथीला आमच्याकडे चौदा माणसं असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल, तेव्हा 40 च्या प्लॅनवर टीव्ही बंदच पडणार ना?

चिरेबंदी (10.05)
शैलाताई, बेरीज करून बघा. एक टीव्ही 1080p वर 5, माडीवर दुसरा असला तर अजून 5. समजा एका वेळी आठ जण मोबाईलवर व्हिडिओ बघताहेत, छोट्या पडद्याला 2 धरले तरी 16. झाले 26. लाईन खरोखर 40 देत असेल तर चालायला हवं. चवथीला टीव्ही अडकतो तो बहुतेक लाईन भरल्यामुळे नाही, चौदा मोबाईल त्या एकाच 2.4 च्या हवेत असतात म्हणून. आणि जो मोबाईल सगळ्यात लांब, न्हाणीघराच्या पलीकडे, त्याला सिग्नल कमी म्हणून राउटर त्याच्याशी हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे थांबून राहतात.

मंदा_फोंडा (दुपारी 2.20)
मोजलं. टीव्हीवर 14, 13, 14. वसरीत मोबाईलवर 96. पण आमच्या मुलाने यूट्यूबवर एक नाटक लावून ते Stats for nerds चालू केलं, तिथे Connection Speed च्या पुढे 13200 आलं! एवढा स्पीड असेल तर अडकतंय का?

मडगावचा_नितीन (2.41)
ताई तिथे Kbps लिहिलंय बघा. 1000 ने भागायचं, 13.2 झाले. म्हणजे तुमच्या fast.com शी जुळतंच आहे.

चिरेबंदी (3.05)
नितीन बरोबर. त्याच्याच खाली Buffer Health असतं, त्यापुढे सेकंद दिसतात, म्हणजे पुढचं किती चित्र टीव्हीने आधीच उतरवून ठेवलंय. खरी गंमत तिथे आहे, रात्री तेच बघत राहा.
समजावून सांगतो कारण यातच सगळं आलं. समजा 1080p ला 5 लागतात आणि रात्री येताहेत 3. मग एका सेकंदात टीव्ही एक सेकंदाचं चित्र दाखवतो आणि पुढचं फक्त 0.6 सेकंदाचं चित्र आत येतं. दर सेकंदाला साठा 0.4 ने घटतो. नाटकासारखं साठवलेलं काही असेल आणि 40 सेकंदांचा साठा झालेला असेल तर तो 100 सेकंद पुरतो. तेवढ्यात स्पीड सुधारला तर तुम्हाला कळणारही नाही. पण लाईव्ह मॅचमधे पुढचा बॉल अजून पडलेलाच नाही, तर साठवणार काय? तिथे 10 सेकंदांचा साठा असेल तर 25 सेकंदांत रिकामा, आणि चक्र. म्हणून त्याच टीव्हीवर नाटक चालतं आणि मॅच अडकते.

पिंटू_वास्को (3.30)
पण ॲप आपोआप क्वालिटी खाली आणतं ना? माझ्याकडे कधी कधी जरा धूसर होतं आणि परत साफ होतं. मग चक्र यायचंच का?

चिरेबंदी (3.44)
हा प्रश्न एकदम बरोबर विचारलात. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्वालिटीत तयार असतो, आणि ॲप साठा बघून पुढचा तुकडा कुठला मागायचा ते ठरवतं. 3 येत असताना त्याने 720p मागितलं असतं तर मॅच थोडी मऊ दिसली असती पण थांबली नसती. चक्र येतंय म्हणजे एक तर स्पीड झटक्यात पडतोय, ॲपला सावरायला वेळच मिळत नाही, नाहीतर कोणीतरी क्वालिटी बांधून ठेवलीय. ताई, मॅचच्या ॲपची सेटिंग बघा जरा.

मंदा_फोंडा (4.10)
बांधून ठेवलेली होती!! मुलानेच वर्ल्ड कपच्या वेळी सगळ्यात वरची लावली होती, आजोबांना साफ दिसावं म्हणून. आता ऑटो केली. रात्री परत मोजते.

मंदा_फोंडा (रात्री 10.05)
रात्रीचे आकडे. 8.50 ला टीव्हीवर 7. 9.10 ला 2.8. 9.30 ला 4. वसरीत मात्र तिन्ही वेळी 90 च्या वर. ऑटो केल्यामुळे एकदाच चक्र आलं, पण चित्र बराच वेळ धूसर, सासरे म्हणाले चष्मा पुसून दे.
एक गोष्ट लक्षात आली, 9.10 ला मी जेवण गरम करत होते, मायक्रोवेव्ह चालू. त्याचा काही संबंध?

मडगावचा_नितीन (10.12)
आहे! मायक्रोवेव्ह 2.4 वरच चालतो, दारातून थोडं बाहेर झिरपतं आणि वायफाय दाबून टाकतं. तुमचा मायक्रोवेव्ह त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, राउटर आणि टीव्हीच्या बरोबर मधे आला. आमच्या घरी चहा गरम केला की माझ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल तुटायचा.

उसगावची_शैला (10.20)
अरे देवा, म्हणून जेवायच्या वेळेला!

चिरेबंदी (10.45)
मायक्रोवेव्ह काही मिनिटांचा. 9.30 ला तो बंद असताना पण 4 च आले, म्हणजे बाकीचं कारण शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असणार, रात्री नऊला सगळ्यांचे टीव्ही सुरू असतात. राउटरचा चॅनल 1, 6 किंवा 11 यापैकी रिकामा असेल त्यावर बांधता येतो, थोडा फरक पडेल, पण दीड फुटी भिंत काही हलणार नाही.
मी तुमच्या जागी असतो तर लॅनची वायर ओढली असती. कॅट-6, वसरीपासून पाठच्या खोलीपर्यंत वाशांच्या कडेने 25 मीटरच्या आसपास लागेल. वायर 100 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीची काळजी नको. भिंतीला भोक पाडायचं नसेल तर कौलांखालून जाऊ शकते, फक्त विजेच्या वायरीला चिकटून नको.

पेडण्याचा_सुहास (मंगळवार, सकाळी 9.05)
वायरवाल्यांनो, मेश राउटर का नाही सुचवत? पाठच्या खोलीत दुसरा डबा ठेवायचा, वायर दिसत नाही, जुन्या घराची शोभा जात नाही.

चिरेबंदी (9.40)
सुचवतो, पण दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलणार असेल तर मधे भिंत तीच. राजांगणाच्या दारात, जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे ठेवला तर जमेल. पाठच्या खोलीत ठेवला तर त्याला स्वतःलाच कमी मिळतं, तो टीव्हीला काय देणार.

पेडण्याचा_सुहास (9.48)
आमच्याकडे पाठच्याच खोलीत आहे आणि चालतं. आमच्याही भिंती चिऱ्याच्याच.

चिरेबंदी (10.02)
चालत असेल, प्रत्येक घराची दारं-खिडक्या वेगळ्या. मोजून बघितल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही.

मंदा_फोंडा (शनिवार, रात्री 11.15)
वायर ओढली. गावातल्या इलेक्ट्रिशियनने 22 मीटरमधे बसवली, वाशांच्या कडेने, खालून दिसत पण नाही. टीव्हीवर रात्री 9.30 ला 93, 94, 93. पण मुलगा म्हणतो वसरीत 5G वर याहून जास्त येतं, 97 पर्यंत, मग वायरमुळे कमी झालं का? आणि समजा पुढे 300 घेतला तर टीव्हीला 300 मिळतील?

मडगावचा_नितीन (11.24)
नाही मिळणार. बहुतेक टीव्हींचं लॅनचं भोकच 100 चं असतं, म्हणून 93-94 वर थांबतं. प्लॅन 300 केला तरी तेवढंच.

चिरेबंदी (11.40)
आणि फोर-के ला 15-20 लागतात हे लक्षात ठेवलं तर 94 म्हणजे चौपटीहून जास्त. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ताई, एका टीव्हीसाठी 300 नको. तुमच्या घरात 100 पण निवांत आहे, लाईन चांगली असेल तर 50 वर सुद्धा चालेल. पण आत्ता लगेच कमी करू नका, महिनाभर असंच मोजत राहा.

काणकोणचो_आजो (रविवार, सकाळी 6.50)
माझ्या छत्रीच्या वायरचा जोड खरंच हिरवा झालेला निघाला. नवीन घातला. काल सर पडली तरी चित्र होतं. देव बरें करूं.

उसगावची_शैला (8.15)
वा आजोबा! मंदाताई एक विचारायचं राहिलं, सासऱ्यांची जुनी नाटकं आता साफ दिसतात का? आमच्या बाबांना पण बघायची असतात, आणि यूट्यूबवर कितीही स्पीड असला तरी सगळं अंधुक.

मंदा_फोंडा (8.40)
नाही ना, नाटक होतं तसंच आहे. मॅच काचेसारखी आणि नाटक धूसर. मला वाटलं वायरीत काही राहिलं.

चिरेबंदी (9.20)
वायरीत काही राहिलं नाही. ते नाटक कुणी जुन्या कॅसेटवरून चढवलं असेल तर क्वालिटीच्या यादीत 480p च्या वर काही नसेलच. जे चित्रात नाही ते स्पीडने येत नाही. तिथे 1.1 मिळाले तरी पुष्कळ.

मंदा_फोंडा (रात्री 11.50)
आजची मॅच. पहिला डाव एकदाही थांबली नाही, दुसऱ्या डावात अठराव्या ओव्हरला एकदा चक्र आलं, पंधरा-वीस सेकंद. मी लगेच टीव्हीवर fast.com लावलं, 94! मायक्रोवेव्ह बंद, क्वालिटी ऑटो. मग हे कुठून आलं?

पिंटू_वास्को (11.56)
माझ्याकडे पण अठराव्या ओव्हरलाच अडकली. आणि मी तर राउटरच्या खालीच बसलोय.

मडगावचा_नितीन (सोमवार, 12.04)
माझी नाही अडकली. दुसरी कंपनी आहे माझी.

चिरेबंदी (सकाळी 7.30)
वास्को आणि फोंडा एकाच मिनिटाला अडकले म्हणजे ते घरातलं नाही. मॅच पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर गर्दी झाली असेल, किंवा तुमच्या दोघांच्या कंपनीकडून त्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता भरला असेल. तुमची कंपनी एकच आहे का? fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरकडून मोजतं, मॅच वेगळ्या रस्त्याने येते, म्हणून तिथे 94 दिसूनही इकडे अडकू शकतं. यावर आपल्या हातात फार काही नाही. पुढच्या वेळी अडकली की मिनिट लिहून ठेवा, आणि इथे टाका, नितीनने पण टाका.

मंदा_फोंडा (7.55)
कंपनी एकच निघाली. गुरुवारी परत मॅच आहे, वही टीव्हीजवळ ठेवलीय. सासऱ्यांनी पेन मागून घेतलं, वेळ मीच लिहिणार म्हणतात.